पन्नी, सुई आणि गोळी

"गर्द नुसतं ओढून कुणी मरत नाही. सुई घेणाराच अडकतो आणि मरतो. गोळी गिळली तर ते औषधच झालं. आणि माल तोच असेल तर कसाही घ्या, नशा तेवढीच चढते."

गर्दबद्दल असं अनेकदा ऐकू येतं, आणि ते चुकीचं आहे. यातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची तिन्ही त्याच्यावर उभी आहेत.

गर्द म्हणजे भेसळीचं हेरॉइन. एका पुडीत जे काही खरं हेरॉइन असेल त्याचे 100 भाग धरू. शिरेत टोचले तर सगळे 100 रक्तात जातात. पन्नीवर तापवून धूर ओढला तर काही आचेवर जळतं, काही हवेत जातं, काही श्वासाबरोबर परत बाहेर पडतं. साधारण निम्मं अंगी लागतं. नाकाने हुंगलं तरी हिशेब निम्म्याच्या आसपासच. गिळलं तर आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत तिथेच कात्री चालवतं. हेरॉइन म्हणून मेंदूपर्यंत जवळपास काही पोचत नाही, मॉर्फिन होऊन साधारण तिसरा हिस्सा उरतो.

आता वर्षभर पन्नी ओढणारा एखादा मुलगा घ्या. रोज एक पुडी. पैसे कमी पडायला लागले की कुणीतरी सांगतं, सुईने घे, थोडक्यात भागतं. त्याच्या शरीराला सवय आहे 50 भागांची. तीच पुडी शिरेत गेली की 100 भाग, तेही काही सेकंदांत. हेरॉइन मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्रालाच गुंगी आणतं. ओठ निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घशातून घोरल्यासारखा घरघर आवाज येतो. सोबतचे म्हणतात, "गाढ झोपलाय." हलवूनही उठत नसेल तर ती झोप नव्हे, लगेच 108 ला फोन करायचा, श्वास थांबला असेल तर तोंडाने द्यायचा. यावरचा उतारा म्हणजे नॅलोक्सोन. तो हेरॉइनला मेंदूतल्या जागेवरून हुसकावतो, पण त्याचा असर हेरॉइनच्या आधी ओसरू शकतो. म्हणून डोळे उघडले तरी रुग्णालय टळत नाही. हाच मुलगा दोन-तीन आठवडे केंद्रात किंवा तुरुंगात राहून आला असेल तर त्याची 50 भागांची सवयही मोडलेली असते. मग पन्नीवरची जुनी पुडीसुद्धा त्याला भारी पडू शकते.

अडकण्याबद्दल. धूर फुफ्फुसातून थेट हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून मेंदूकडे जातो. हाताच्या शिरेतल्या औषधाला आधी हृदयाची उजवी बाजू आणि फुफ्फुस असा वळसा पडतो. म्हणजे वेगात पन्नी सुईच्या मागे नाही. हुंगलेल्याला काही मिनिटं लागतात, गिळलेल्याला अर्धा-पाऊण तास. झुरका आणि झिंग यांत जितकं अंतर कमी, तितकी मेंदू त्या दोघांची गाठ पक्की मारतो. सिगारेट आणि निकोटिनची पट्टी आठवा. रसायन एकच, पण पट्टीसाठी रात्री बारा वाजता टपरी शोधत कुणी फिरत नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ज्यांना 'गर्दुल्ले' म्हटलं गेलं, त्यांतले बहुतेक पन्नीवालेच होते.

सुईचे धोके मात्र वेगळे आणि खरे आहेत: एचआयव्ही, हेपॅटायटिस सी, गळवं, हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग. पन्नीवाला यांतलं बरंच टाळतो, हे मान्य. पण त्याच्या वाट्याला दम्याचे झटके येतात. शिवाय 1982 साली ॲमस्टरडॅममध्ये डॉक्टरांनी हेरॉइनचा धूर ओढणाऱ्यांमध्ये एक आजार नोंदवला. त्यात मेंदूतला पांढरा भाग स्पंजासारखा होतो. आधी बोलणं अडखळतं, चाल डळमळते, पुढे काही जण दगावतात. आजार विरळा आहे, पण तो धुराशीच जोडलेला आहे.

राहिली गोळी, म्हणजे हेरॉइनच्याच जातीची गिळायची वेदनाशामक. तिच्या सावकाशपणातच तिची फसवणूक आहे. अर्ध्या तासात काही वाटलं नाही म्हणून माणूस दुसरी घेतो आणि दोन्हींचा जोर एकदम येतो. वर दारू असेल तर श्वासावर दुहेरी दाब. मिझोराममध्ये गिळायच्या वेदनाशामक कॅप्सूलमधली पूड टोचून घ्यायची लाट आली होती. पोटासाठी बनवलेली ती न विरघळणारी पूड रक्तवाहिन्यांत अडकली, मांस सडलं, कित्येकांचे हातपाय कापावे लागले.

माल तोच, वाट बदलली की काम बदलतं, याचा वापर उपचारातही होतो. हेरॉइन सोडवायला दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी गिळली तर यकृत तिचा बहुतेक भाग फस्त करतं, म्हणून ती जिभेखाली ठेवतात. तिथून ती हळूहळू रक्तात झिरपते, झिंगेचा झटका न देता तलफ शमवते. तीच गोळी टोचून घेणारेही असतात. म्हणून उपचार केंद्रांत परिचारिका ती चुरून जिभेखाली घालते आणि पूर्ण विरघळेपर्यंत समोरून हलत नाही.