कप्पा ०.८ आला, म्हणून प्रश्नावली खरी ठरत नाही

"दोन इन्व्हेस्टिगेटरचं ९० टक्के जुळलं की झालं, कप्पाच्या भानगडीत पडू नका. गाईडने मागितलाच तर काढा. ०.८ च्या वर आला म्हणजे प्रश्नावली व्हॅलिडेट झाली, बिनधास्त फील्डवर जा."

सिनॉप्सिस जमा करायचे दिवस आले की ठाणे आणि नवी मुंबईतल्या पीजी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर हा सल्ला हमखास फिरतो. प्रबंधांची आकडेमोड तपासायचं काम माझ्याकडे येतं, त्यामुळे त्याचे परिणामही माझ्याच टेबलावर येतात. कप्पा म्हणजे दोन नोंदी योगायोग वगळून किती जुळतात ते सांगणारा आकडा. एकेक वाक्य घेऊ.

आधी ते ९० टक्के. समजा, तुर्भ्यातल्या एका वस्तीत दोन दंतवैद्यांनी तीच १०० माणसं वेगवेगळी तपासली आणि तोंडात पांढरा चट्टा आहे की नाही ते नोंदवलं. दोघांनाही चट्टा दिसला अशी माणसं २, दोघांनाही दिसला नाही अशी ८८. पाच जणांत फक्त पहिल्याला दिसला, आणखी पाच जणांत फक्त दुसऱ्याला. जुळणी झाली ९० टक्के.

आता प्रत्येकाने १०० पैकी ७ जणांना 'आहे' म्हटलंय आणि ९३ जणांना 'नाही'. तोंड न बघता, याच प्रमाणात नुसत्या खुणा करत गेले असते तरी दोघांचं 'नाही' जुळण्याची शक्यता ०.९३ × ०.९३, म्हणजे ०.८६५ होती. 'आहे' जुळण्याचे वरचे ०.००५ धरले की योगायोगाने जुळणारे झाले ८७ टक्के. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा वाटा बाजूला काढतो आणि उरलेल्या जागेत निरीक्षकांनी स्वतः किती कमावलं ते सांगतो. Po म्हणजे प्रत्यक्ष जुळणी, Pe म्हणजे योगायोगाची:

```
kappa = (Po - Pe) / (1 - Pe)
      = (0.90 - 0.87) / (1 - 0.87)
      = 0.23
```

हेच दोघं अशा ठिकाणी गेले असते जिथे निम्म्या लोकांना चट्टे आहेत, आणि ४५ 'आहे', ४५ 'नाही' असं जुळून १० ठिकाणी फिसकटलं असतं, तर जुळणी पुन्हा ९० टक्केच. पण योगायोगाचा वाटा ५० टक्क्यांवर आला असता आणि कप्पा निघाला असता ०.८०. सूत्र नकोसं वाटत असेल तर पहिल्या तक्त्याकडे नुसतं बघा. कुणा ना कुणाला चट्टा दिसला अशी माणसं १२, आणि त्यातल्या दोघांवरच एकमत. ज्या आजारासाठी वस्तीत गेलो तिथेच जुळत नाही. ९० टक्के आले ते निरोगी तोंडांच्या जोरावर.

इथे कप्पाचीही बाजू आंधळेपणाने घ्यायची नाही. लक्षण विरळ असलं की बऱ्यापैकी निरीक्षकांचाही कप्पा खाली येतो. फाइनस्टीन आणि सिचेट्टी यांनी १९९० मध्ये हा तिढा नीट उलगडून दाखवला. म्हणून नुसता ०.२३ छापू नये. चारही रकान्यांचे आकडे द्यावेत, आणि 'आहे' व 'नाही' यांची जुळणी वेगवेगळी द्यावी. आपल्या उदाहरणात दोघांचे मिळून 'आहे' झाले १४, त्यातले जुळले ४, म्हणजे 'आहे'ची जुळणी २९ टक्के, आणि 'नाही'ची ९५ टक्के. परीक्षकाला एका नजरेत कळतं की प्रशिक्षण कुठे कमी पडलंय.

०.८ ही रेघ लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या तक्त्यातून आली, ज्यात कप्पाच्या आकड्यांचे प्रतवारीचे गट पाडलेत. ही विभागणी आपण आपल्या मनाने केली आहे, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय. तो तक्ता सगळे उतरवतात, हे वाक्य कुणी उतरवत नाही. शिवाय पायलटमध्ये ३० जणांवर ०.८ आला, तर त्याचा विश्वासांतर साधारण ०.६ पासून १ पर्यंत पसरलेला असतो.

खरी गोची शेवटच्या वाक्यात आहे. दोन मोजण्या एकमेकींशी जुळतात का, ही झाली विश्वसनीयता. जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, ही वैधता. कप्पा इथे फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

दिघ्याच्या एका चाळीत मुलाखती घेणाऱ्या मुलींबरोबर गेले होते. फॉर्मवरचा प्रश्न होता, "तुम्ही तंबाखू खाता का?" समोरच्या मावशी ठामपणे म्हणाल्या, "छे गं बाई, तंबाखूला मी हात लावत नाही." मोरीच्या कट्ट्यावर मिश्रीची डबी उघडी होती आणि मावशींच्या उजव्या तर्जनीचं टोक काळं होतं. दोघी मुलींनी आपापल्या फॉर्मवर 'नाही'वर खूण केली. एकमत शंभर टक्के! मावशी खोटंही बोलत नव्हत्या. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, पण ती लावायची असते, खातं कोण?

एकाच खोलीत बसून एकच उत्तर ऐकणाऱ्या दोघींचा कप्पा एवढंच सांगतो की दोघींचे कान आणि पेन ठीक आहेत. बरं, दोन आठवड्यांनी परत जाऊन विचारलं तर? समजा १०० बायकांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा 'हो' म्हणणाऱ्या १८, दोन्ही वेळा 'नाही' म्हणणाऱ्या ७८, पहिल्यांदा 'हो' आणि नंतर 'नाही' म्हणणाऱ्या २, उलट बदललेल्या २. जुळणी ९६ टक्के, योगायोगाची ६८, कप्पा ०.८८. सल्ल्याप्रमाणे चला फील्डवर.

आता याच बायकांच्या लघवीत कोटिनीन तपासलं, म्हणजे शरीरात निकोटीनचं रूपांतर होऊन बनणारा पदार्थ, आणि ४० जणींत तो सापडला असं धरू. पहिल्या फेरीत 'हो' म्हणणाऱ्या २० जणींपैकी १९ या चाळिसात आहेत. म्हणजे प्रश्नाने ४० पैकी १९ पकडल्या आणि २१ सोडल्या. संवेदनशीलता ४८ टक्के, कप्पा ०.८८, दोन्ही एकाच प्रश्नाचे. सुटलेल्या २१ पैकी निदान १९ जणी दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे 'नाही' म्हणतात, म्हणून तर कप्पा एवढा चांगला येतो.

कोटिनीनलाही मर्यादा आहेत. ते काही दिवसांत शरीरातून निघून जातं, त्यामुळे कधीतरी मिश्री लावणारी सुटते. निकोटीनचं च्युइंगम चघळणारी उगाच सापडते. खर्चही आहे, त्यामुळे सगळ्यांची नाही, थोड्यांची तपासणी करावी. पण प्रश्न सुधारायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. 'तंबाखू' हा शब्द आधी काढायचाच नाही. दात कशाने घासता, हे विचारायचं. मग मिश्री, गुल, गुटखा, मावा, तंबाखूचं पान, एकेकाचं नाव घेऊन 'लावता का, खाता का, दिवसातून किती वेळा' असं विचारायचं. भारतातल्या ग्लोबल अ‍ॅडल्ट टोबॅको सर्व्हेतही तोंडाला लावायच्या तंबाखूचा प्रकार वेगळा धरून त्यात मिश्रीचं नाव घेतलेलं आहे. सासू किंवा नवरा समोर बसलेला असताना विचारू नये. आणि पायलटमध्ये दहा-पंधरा बायकांना उत्तरानंतर "हे विचारल्यावर तुमच्या मनात काय आलं?" एवढं विचारावं. मावशींनी तिथेच मिश्रीचा घोळ सांगून टाकला असता.

कप्पा नसेल तर क्रोनबॅक अल्फा ०.९ आला म्हणून हाच निष्कर्ष काढणारेही आहेत. अल्फा प्रश्न आपसांत किती जुळतात ते बघतो. 'तंबाखू खाता का' हेच पाच तऱ्हांनी विचारलंत तर अल्फा झकास येईल आणि त्या २१ जणी पाचही वेळा सुटतील.

प्रबंधात हे दोन वेगळ्या उपशीर्षकांखाली लिहा. विश्वसनीयतेखाली कप्पा, त्याचा विश्वासांतर आणि चार रकाने. वैधतेखाली प्रश्न कशाशी ताडून बघितला, किती जणींवर, आणि त्यात किती सुटल्या. दुसऱ्या शीर्षकाखाली लिहायला काहीच नसेल, तर 'व्हॅलिडेटेड प्रश्नावली' हे शब्द मेथडॉलॉजीतून काढून टाका.