'सहा महिने थांबा' याचा अर्थ: एका प्रतिक्रियेला उत्तर

*"ताई, तुमचा लेख वाचून राग आला. 'सहा महिने मोठा निर्णय घेऊ नका' हे सांगायला सोपं आहे. माझी धाकटी बहीण तीन वर्षं थांबली आहे. रोज रात्री नवरा झोपला की त्याचा फोन बघते. काही विचारलं की तो म्हणतो, 'झालं ते झालं, आता किती वेळा तेच?' घरचे म्हणतात, मुलांकडे बघ. तुमच्यासारख्यांनी 'थांबा' म्हटलं की बायका थांबतात. सरळ 'सोड' म्हणून का सांगत नाही?"*

तुमचा राग योग्य आहे. जोडीदाराचं बाहेरचं प्रकरण कळल्यावर लगेच मोठा निर्णय घेऊ नये म्हणून सहा महिन्यांचा आकडा मी दिला, पण ते सहा महिने कधी सुरू होतात आणि त्यात कोणी काय करायचं, हे एका ओळीत उरकलं. ती चूक माझी.

तो आकडा आला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक बिल डोहर्टी यांच्या समुपदेशनाच्या पद्धतीतून. एकाला संसार टिकवायचा असतो, दुसऱ्याचा पाय दारात असतो, अशा जोडप्यांसाठी ती आहे. जास्तीत जास्त पाच बैठका होतात. नातं दुरुस्त करायचं काम त्यात सुरूच होत नाही. आहे तसंच चालू ठेवायचं, वेगळं व्हायचं, की सहा महिने घटस्फोटाचा विषय बाजूला ठेवून दोघांनी जीव तोडून प्रयत्न करायचा, एवढंच ठरवायचं. म्हणजे सहा महिने सुरू होतात ते दोघांनी तिसरा रस्ता निवडल्यावर. तुमच्या बहिणीची तीन वर्षं पहिल्या रस्त्यावर गेली आहेत, आणि तो रस्ता तिने निवडलेलाही नाही. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर ही पद्धत वापरायचीच नसते. तिथे आधी सुरक्षितता.

प्रयत्न खरा आहे की नाही, हे कळायला सहा महिनेही लागत नाहीत. समुपदेशक म्हणून माझ्या अनुभवात ते सहा-आठ आठवड्यांत दिसतं, आणि ते दिसतं सत्य कसं बाहेर येतं त्यावरून. एक उदाहरण सांगते. त्या दोघांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

नवरा चाकणला एका कारखान्यात, बायको शाळेत शिक्षिका. तिला बँकेच्या स्टेटमेंटमध्ये लोणावळ्याच्या हॉटेलची एक रक्कम दिसली. पहिल्या दिवशी तो म्हणाला, फक्त मेसेज होते. आठवड्याने, एकदाच भेटलो. तीन आठवड्यांनी कळलं की हे नऊ महिने चालू होतं. ती मला म्हणाली होती, "नऊ महिन्यांचं दुःख मी सोसलं असतं. पण प्रत्येक वेळी मी सावरले की तो नवा हप्ता देतो." हप्त्याहप्त्याने सांगितलेलं सत्य सगळ्यात घातक. तो प्रत्येक वेळी थोडं लपवतो ते बहुतेकदा भीतीपोटी, पण तिला त्यातून एवढंच कळतं की कबुली देतानाही हा खोटं बोलू शकतो. मग मोजणी पुन्हा शून्यापासून.

म्हणून मी त्याला सगळं लिहून आणायला सांगितलं. कधी सुरू झालं, कुठे भेटले, किती पैसे गेले, कोणाकोणाला माहीत होतं, शेवटचा संपर्क कधी. ते माझ्यासमोर एकदाच वाचलं, दोन तास लागले. काय विचारायचं नाही, हेही तिच्याशी आधी बोलले होते. शरीराचे तपशील, 'ती माझ्यापेक्षा सुंदर आहे का' हे प्रश्न टाळायचे, कारण त्या उत्तरांची चित्रं होतात आणि ती वर्षानुवर्षं पुसली जात नाहीत. दोघांनी रक्ततपासणी करून घेतली, तीन महिन्यांनी पुन्हा केली. हा भाग लाजेपायी सगळे टाळतात. टाळू नका.

ती बाई त्याच कारखान्यात असल्यामुळे त्याने विभाग बदलून मागितला, पण कॅन्टीन एकच. एका संध्याकाळी तो घरी आला, बूट काढता काढताच म्हणाला, "आज ती दिसली. रांगेत पुढे होती. बोललो नाही, ताट घेऊन बाहेर गेलो." बायको पोळ्या लाटत होती. तिने मला सांगितलं की लाटणं हातात तसंच राहिलं, रडू आलं, आणि त्या रात्री पहिल्यांदा तिने फोन बघितला नाही.

तुमच्या बहिणीचं फोन बघणं मला यातूनच कळतं. फोनमध्ये काही सापडलं नाही की तासभर बरं वाटतं, मग वाटतं, डिलीट केलं असेल. तपासून मिळालेली खात्री उद्यापर्यंत टिकत नाही. न विचारता सांगितलेली गोष्ट टिकते, कारण ती न सांगताही त्याचं भागलं असतं. पासवर्ड देणं सुरुवातीला गरजेचं असतं, पण राखण तिनेच करायची आणि त्याने नुसतं निर्दोष बसायचं, असं झालं की तिचा जीव जातो.

तेव्हा मी एकच गोष्ट बघते: झालेल्याची आठवण कोण वाहतं आहे? चाकणच्या त्या घरात दीड वर्षाने लोणावळ्यावरून गाडी जाताना त्यानेच विचारलं, "त्रास होतोय का, थांबूया?" तुमच्या बहिणीच्या घरात आठवण तिच्या एकटीच्या डोक्यावर आहे, आणि ती काढली की वर गुन्हाही तिचाच. तीन वर्षांनंतर 'झालं ते झालं' हे त्याचं उत्तर आहे. तिला आणखी थांब, असं मी म्हणणार नाही.

'सोड' मात्र मी म्हणत नाही, कारण त्यानंतरचे दिवस तिला काढायचे आहेत, मला नाही. घर कोणाच्या नावावर, स्वतःचं खातं आहे का, मुलं कुठे राहतील, हे तिने आधी कागदावर मांडावं. आणि वकिलाला लवकर भेटावं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, त्यामुळे त्यासाठी तुरुंग नाही. पण हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून ते आजही आहे. त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये एक मेख आहे: झालेलं तुम्ही माफ केलं असेल, तर त्या कारणावर घटस्फोट नाकारला जाऊ शकतो. सगळं कळल्यावरही पूर्ववत संसार चालू ठेवला, हे समोरचा वकील माफीचा पुरावा म्हणून मांडू शकतो. तो पुन्हा तसंच वागला, तर जुनी तक्रारही पुन्हा उभी राहू शकते. तीन वर्षं एकाच घरात राहिल्यावर तिचं नेमकं कुठे बसतं, हे कागद बघूनच कळेल. घरचे 'मुलांकडे बघ' म्हणतात, तेव्हा यातलं काहीच तिला कोणी सांगत नाही.

तिला अजून एक संधी द्यायची असेल, तर त्याला एवढंच विचारावं: "सगळं एकदा लिहून आणशील का, तिसऱ्या माणसासमोर?" त्यावर तो काय म्हणतो यापेक्षा पुढच्या पंधरा दिवसांत काय करतो, ते बघावं. वेळ त्याने स्वतः ठरवली का, की तिलाच चार वेळा आठवण करावी लागली?

आणि ती एकटी आली तरी चालेल. त्याला ओढून आणायचं काम तिचं नाही.