खजिनदारांच्या डोळ्यांना काय झालंय?

रविवारी सकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि साडेदहाला इचलकरंजीच्या काकू डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन दारात उभ्या राहिल्या.

व्हिडिओत काय होतं ते आधी उरकून टाकतो. मेंटेनन्स २,८५० वरून ३,४०० होतोय, तो का, एवढंच. मी खजिनदार आहे. म्हणजे वार्षिक सभेला मी उशिरा पोचलो आणि तोवर बाकीची पदं वाटून झाली होती. ३१० शब्द लिहिले, बोलताना मजकूर पडद्यावर सरकवत दाखवणारं टेलिप्रॉम्प्टरचं अ‍ॅप फोनवर उतरवलं, मजकूर त्यात चिकटवला आणि घडाघडा वाचून मोकळा झालो. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत पहिला प्रतिसाद आला तो भाच्याच्या वयाच्या एका भाडेकरूचा : “काका, डोळ्यांना काय झालंय?” ३,४०० बद्दल एक अक्षर नाही.

काकू तिसऱ्या मजल्यावरच्या. मुलाकडे डोंबिवलीत येऊन बारा वर्षं झाली तरी अजून ‘आमच्या इचलकरंजीला’नेच वाक्य सुरू करतात. थेंबांची बाटली माझ्या हातात कोंबून त्या सोफ्यावर बसल्या.

“अहो खजिनदार, आमच्या इचलकरंजीला मागावर धोटा पळतो बघा, इकडून तिकडं, तिकडून इकडं? तसे डोळे पळत होते तुमचे. मी म्हटलं, नसेचं काही असलं तर वेळेत दाखवलेलं बरं.”

मी सांगितलं की नस वगैरे काही नाही, मी वाचत होतो.

“वाचत होता? मग कागद कुठं होता?”

“फोनमध्ये.”

“आणि बघत कुणाकडे होता?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी कुणाकडेच बघत नव्हतो. फोन आडवा ठेवला होता. आडव्या फोनचा पुढचा कॅमेरा एका टोकाला जातो आणि मजकूर पसरतो पडद्याभर. म्हणजे मी बघत होतो मधोमध, आणि लेन्स तिथून सातेक सेंटिमीटर डावीकडे. फोन माझ्यापासून हातभर, म्हणजे चाळीस सेंटिमीटरवर. एवढ्या जवळून सात सेंटिमीटरचा फरक म्हणजे नजर दहा अंश ढळणार. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस माझ्याशी बोलतोय पण त्याचं लक्ष माझ्या खांद्यामागच्या कुणाकडे तरी आहे. त्यात ओळ पडद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत लांब. ती वाचायला बुबुळं धावणारच. काकूंचा धोटा.

बातम्या देणाऱ्यांचं असं होत नाही, कारण त्यांच्या कॅमेऱ्यापुढे पंचेचाळीस अंशांत काच तिरकी बसवलेली असते. खालच्या पडद्यावरची उलटी अक्षरं त्या काचेत सुलटी दिसतात आणि कॅमेरा काचेच्या मागून आरपार बघतो. निवेदक वाचतो ती ओळ थेट लेन्सवर. माझ्या अ‍ॅपमध्ये त्या काचेसाठी ‘मिरर’ नावाचं एक बटण आहे. काच नसताना मी ते चुकून दाबलं, तेव्हा दहा मिनिटं मला वाटत होतं की फोनने माझा मजकूर मोडीत लिहिलाय.

“हे यंत्र काढलं कुणी?” काकूंनी विचारलं. चहा आला होता, म्हणजे त्या आता जाणार नव्हत्या.

सांगितलं. अमेरिकेत, १९५० साली. एका नटाला संवाद पाठ व्हायची धास्ती, म्हणून ह्यूबर्ट श्लाफ्ली नावाच्या इंजिनिअरने अर्ध्या सुटकेसमध्ये कागदाची गुंडाळी बसवून ती फिरवायची सोय केली. गंमत म्हणजे या गृहस्थाने स्वतः टेलिप्रॉम्प्टर पहिल्यांदा वापरला तो २००८ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, एका सत्काराच्या भाषणासाठी.

“शहाणा माणूस,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही पहिल्याच दिवशी लावलं. आमच्या वेळी दूरदर्शनवर बातम्या देणारे सरळ खाली कागदात बघायचे, मग वर बघायचे. लपवालपवी नाही. करा परत. मी बघते.”

मी करणारच होतो. पण काकूंसमोर नव्हे. दार उघडलं ही माझी चूक.

आता फोन उभा केला. उभ्या फोनचा कॅमेरा वरच्या कडेला, म्हणून मजकुराची चौकट ओढून वर नेली, अगदी लेन्सच्या खाली, आणि तिची उंची चार ओळींपुरती ठेवली. खाली पडदाभर मजकूर दिसला की नजर उतरते, हे मला भाच्याच्या वयाच्या त्या पोराने नंतर, उपकार केल्यासारखं, कळवलं. मग फोन स्टूलवर, स्टूल टेबलावर, आणि मी सव्वा मीटर मागे. लांब गेल्यावर लेन्स आणि ओळ यांतला उरलेला दोन-तीन सेंटिमीटरचा फरक दीड अंशाच्या आत येतो आणि कुणाला कळत नाही. मात्र लांब गेलो की अक्षर दिसत नाही. अक्षर मोठं केलं तर ओळीत तीनच शब्द मावतात. ते उलट बरंच झालं. तीन शब्दांना बुबुळं हलवावी लागत नाहीत. आणि लांबून आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून इअरफोनची वायर शर्टातून वर घेऊन त्याचा माइक कॉलरला लावला. पंखा बंद. मे महिना, डोंबिवली, पंखा बंद.

“घाम पुसा,” काकू म्हणाल्या. “नाहीतर आता ताप आलाय म्हणतील.”

दुसरा घोळ वेगाचा. अ‍ॅपने स्वतःहून जो वेग लावून दिला होता, त्या वेगाने मी सकाळी बोललो होतो, म्हणजे सुटलेल्या लोकलमागे धावावं तसा. शेवटी सरळ हिशेब केला : मजकूर काकूंना नुसता सांगितला, न वाचता, आणि घड्याळ लावलं. मिनिटाला शंभरेक शब्द झाले. आपले शब्द लांब. ‘देखभालीसाठीसुद्धा’ हा एक शब्द मोजला जातो पण तोंडाला तो दीड पडतो. सरकण्याचा वेग त्या शंभरावर आणला आणि त्याहून किंचित कमी केला. मजकूर माझी वाट बघत थांबला तर चालतं. मी मजकुराच्या मागे लागलो की आवाज एकाच पट्टीत अडकतो आणि श्वास वाक्याच्या मध्येच घ्यावा लागतो. आवाज ऐकून आपोआप सरकायचीही सोय त्यात आहे. भाषांच्या यादीत मराठी नव्हती, म्हणून हिंदी निवडली. ‘लिफ्ट’ या शब्दापर्यंत ते माझ्यासोबत आलं आणि मग तिथेच बसून राहिलं, आमच्या लिफ्टसारखंच.

तिसऱ्या घोळाला मात्र काकूच लागल्या. मी सुरुवात केली, “सदर वाढ करण्यात येत असून तिच्या अनुषंगाने...”

“थांबा. हे सदर कोण? बी विंगमधले?”

“सदर म्हणजे ही.”

“मग ही म्हणा की! आणि करण्यात कोण येतंय?”

“वाढ करण्यात येतेय.”

“वाढ तुम्ही केली. तुम्ही आणि चेअरमननी. मग ‘आम्ही वाढवलंय’ म्हणा. चोरी केल्यासारखं काय सांगता!”

मला राग आला, कारण हे इतिवृत्ताचं मराठी मी नऊ वर्षं मेहनतीने कमावलंय. पण वाचून बघितलं. ‘करण्यात येत असून’ म्हणताना माझे खांदे आपोआप वर जातात आणि ‘वाढवलंय’ म्हणताना जात नाहीत. कारकुनी वाक्य साध्या आवाजात वाचता येतच नाही. ते तसं वाचायला बनवलेलंच नाही.

मग आकडे. ‘३,४००’ हे चिन्ह दिसलं की डोळा थांबतो, डोकं भाषांतर करतं, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात बघणाऱ्याला कळतं की हा वाचतोय. ते अक्षरात लिहिलं, ‘चौतीसशे’. ‘एकोणसाठ टक्के’ मी ‘जवळपास साठ’ केलं, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी शाळेपासून अडखळतो आणि ते भर सोसायटीत उघड करायचं नव्हतं.

पण खरी फजिती पुढेच होती, आणि तिला आपली भाषा जबाबदार आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी, आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. चार ओळींच्या चौकटीत मला दिसलं :

“पार्किंगचे पैसे
आम्ही दोनशे रुपयांनी
वाढवलेले”

आणि मी छाती भरून, ठाम आवाजात म्हणालो, वाढवलेले! खालून ‘नाहीत’ हळूच वर आलं, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं. मी ते पुटपुटून गिळलं.

“दोनशे वाढवले?” काकू उभ्या राहिल्या. “पार्किंगचे? आणि हे मला आत्ता सांगताय?”

“नाहीत म्हटलं मी.”

“कधी म्हटलं?”

रेकॉर्डिंग लावून दाखवलं. ‘नाहीत’ खरोखरच ऐकू येत नव्हतं. सकाळचा व्हिडिओही असाच गेला होता. म्हणजे चाळीस घरांत अर्ध्यांनी पार्किंग दोनशेने महागलं असं ऐकलं असणार. (ऐकलं असेल तर. मला शंका आहे.) मग सगळा मजकूर पुन्हा फोडला. वाक्य दोन ओळींपेक्षा लांब नको, आणि ‘नाही’ ज्या शब्दाला लागतं त्याच्याच ओळीत. जिथे थांबायचं तिथे एक ओळ कोरी. वाक्य कुठे चाललंय हे तोंड उघडण्याआधी दिसलं, की आवाज आपोआप बरोबर जागी खाली येतो. त्यासाठी अभिनय लागत नाही.

पुढे काय बोलायचं ते आता मला निम्मं पाठ झालं होतं, कारण सतरा वेळा झालं होतं. अठराव्यांदा फोनकडे बघायची फारशी गरज पडली नाही. एका ठिकाणी ‘लिफ्टचं’ऐवजी मी ‘त्या आपल्या लिफ्टचं’ म्हणालो, जे लिहिलेलं नव्हतं. काकू काही बोलल्या नाहीत, म्हणून मला कळलं की जमलं. पंखा लावला.

“छान झालं,” त्या रिकामा कप खाली ठेवत म्हणाल्या. “डोळे जागेवर आले. पण मला सांगा, हे साडेपाचशे वाढवले कशासाठी?”

मी तीन तास तेच सांगत होतो.

संध्याकाळी नवीन व्हिडिओ टाकला. रात्री साडेनऊपर्यंत अकरा अंगठे आले आणि एक प्रश्न आला, बी विंगमधून : “आता डोळे बरे दिसतायत. ड्रॉप कुठले घातले?” मी उत्तर लिहीतच होतो, तेवढ्यात काकूंनी खाली बाटलीचा फोटो टाकला.