माझं कुरुक्षेत्र

गळवाला कानडीत 'कुरु' म्हणतात. सीमाभागात चाळीस वर्षं काढून, दुकानांच्या पाट्या वाचत, बसचे कंडक्टर ऐकत मला हे ठाऊक नव्हतं. गोकाकच्या एका दवाखान्यात ते कळलं, आणि माझं ज्या भागात दुखत होतं त्याला काय नाव द्यावं हा आठवडाभराचा प्रश्न एका झटक्यात सुटला.

सुरुवात जुलैतल्या एका रविवारी झाली. बेळगावचा जुलै म्हणजे दोरीवरची चड्डी तिसऱ्या दिवशीही दमटच. खाली सारखी चिकचिक होते, म्हणून साफसफाई करावी असं डोक्यात आलं. दाढीचं ब्लेड महिनाभर जुनं होतं, तरी 'आणि एकदा चालेल' असं मीच मला सांगितलं. साबणाचा फेस कुणी करत बसावं? पाणी मारलं, कातडी ताणून धरली आणि उलट्या दिशेनं सरासर ओढलं. नवरदेवासारखं गुळगुळीत झालं. सोमवारी स्वतःवर खूश होऊन मी मोटारसायकलवर खानापूरला, आमच्या पतसंस्थेत, कामाला गेलो.

मंगळवारी खाज सुटली. गुरुवारी दहा-बारा लाल पुटकुळ्या उठल्या, त्यातल्या तीन-चारांच्या टोकाला पांढरा पू आणि मधोमध एक केस. खुर्चीत बसलो की असं वाटे, ठेवीदार व्याज मागायला आतूनच टोचतोय. मी टेबलाशी उभा राहून काम करू लागलो. मॅनेजर साहेब म्हणाले, "काय हो, बढतीची तयारी का?"

आमच्या आजीकडे या जातीच्या दुखण्याची चढती भाजणी होती: पुटकुळी, मग केसतूड, मग करट, मग गळू. 'केसतूड' या शब्दातच रोगाचं मूळ सांगितलेलं आहे, हे मी तेव्हा ध्यानात घेतलं नाही. त्याऐवजी एका मित्राच्या सल्ल्यानं औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. तो म्हणाला होता, "खाज, गजकर्ण, सगळ्याला एकच." दोन दिवस लाली मावळली, खाज थांबली, मी त्याला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी पुटकुळ्या दुपटीनं उठल्या. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. ते सूज दाबतं, पण जंतूंशी लढणारी कातडीची ताकदही दाबतं. म्हणजे चोराला घरात ठेवून कुत्र्याला गुंगीचं औषध दिल्यासारखं झालं.

आणि मग मी ती चूक केली जी प्रत्येक पुरुष आरशासमोर करतो. शनिवारी एक पुटकुळी दोन अंगठ्यांत धरून पिळली. थेंबभर पू बाहेर आला, बाकीचा आत ढकलला गेला. पुढच्या मंगळवारी तिथं सुपारीएवढं, कडक, ठणकणारं करट होतं. बुधवारी चालताना पाय फाकवावे लागले. गुरुवारी रात्री अंगात कणकण आली.

"अहो, पार्लरमध्ये वॅक्स केल्यावर मलाही येतात पुटकुळ्या," बायको म्हणाली. "केस मुळातून उपटला की पुन्हा येताना बारीक येतो, त्याला कातडीतून वाट सापडत नाही. दोन आठवड्यांनी उठतात त्या. पण मी कधी पिळत नाही, आणि ताप तर कधी आला नाही. आता डॉक्टरकडे जा."

आता अडचण बघा. आमच्या घराजवळचा त्वचेचा एकमेव डॉक्टर म्हणजे माझ्या चुलतभावाचा जावई. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण ज्यानं केली तो नक्की आमच्याच गल्लीतला असणार. मी ठरवलं, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावी जायचं. शुक्रवारी सकाळी गोकाकची बस धरली. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याचा हिशेब मी आजही देऊ शकतो.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या. "एनाग्येत्री?" त्यांनी विचारलं. मी बोटानं दाखवलं, कारण मराठीत सांगायला लाज वाटत होती आणि कानडीत शब्द नव्हता. त्यांनी तपासलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कुरु आग्येद." मग आमच्या बेळगावी मराठीवर आल्या.

"उसाचं खोडकं बघितलंय न्हवं? कोयत्यानं तिरकं तोडलं की टोकदार ऱ्हातंय. ब्लेडनं केस तसाच कापतोय. तिथला केस जाड, कुरळा. वाढताना वळून परत कातडीतच घुसतोय, शरीराला वाटतंय काटा शिरला. नुसतं एवढंच असलं तर त्यात जंतू नसतोय. पण चिरीतनं जंतू शिरला, की मुळाशी पू. तुमचं दुसरं झालंय, आणि तुम्ही ते पिळलंय."

मी मान खाली घातली. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. मधे मऊ लागत होतं, म्हणजे पिकलेलं होतं. भोवतीची लाली तीन बोटं पसरली होती. पू साठलेल्या पोकळीत गोळीचं औषध नीट पोचत नाही, वाट करून द्यावीच लागते, असं त्या म्हणाल्या. बधिर करायची सुई टोचली तेव्हा मला आजोळचे सगळे देव आठवले. नंतरची चीर मात्र कळलीसुद्धा नाही. पू निघाला आणि ठणका असा थांबला, जसा लग्नातला बँड जेवणाला बसल्यावर थांबतो. जखमेत गॉजची पट्टी घातली. ताप होता आणि लाली पसरत होती म्हणून गोळ्या दिल्या, सगळ्यांना त्या लागत नाहीत. बोट टोचून साखरही पाहिली, कारण अशी करटं वारंवार येणाऱ्या माणसात मधुमेह दडलेला सापडतो. माझी साखर ठीक निघाली. मग त्यांनी दम भरला.

"पुटकुळ्या होत्या तेव्हाच एवढं केलं असतं तर इथं आला नसता. महिनाभर ब्लेड बंद. कोमट पाण्यात सुती फडकं पिळून दहा-पंधरा मिनिटं शेक, दिवसातनं तीन-चार वेळा. चटका बसायला न्हको. टॉवेल तुमचा तुम्हालाच, सुटी, पूर्ण वाळलेली सुती चड्डी. आणि ओत्तब्याडरी! दाबायचं न्हाई."

"आणि डॉक्टरकडे कधी यायचं?"

"गाठ वाढत चालली, ताप आला, लाली पसरली, आठवडाभर शेकून उतरंना, न्हाईतर साखरेचा पेशंट असला तर वाट बघायची न्हाई. आणखी एक ऐका. खाली अंडकोशाकडं तासातासानं सूज चढली, कातडी काळी पडायला लागली, आणि दिसतंय त्याच्यापेक्षा दुखणं लई ज्यास्त असलं, तर दवाखाना न्हाई, मोठं हॉस्पिटल. रात्री दोन वाजता असलं तरी."

हे ऐकताना मला घाम फुटला. माझं एवढं पुढं गेलेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पुढं केस काढायचेच असले तर ट्रिमर फिरवा, कातडीपासून थोडे राखूनच, असंही त्या म्हणाल्या. मुळात ते काढायलाच हवेत असा कुठलाही वैद्यकीय नियम नाही, हेही सांगितलं.

करट घेऊन आलो होतो, परत जाताना करदंट घेतलं. गोकाकला येऊन ही मिठाई न घेता कुणी परतलेलं ऐकिवात नाही, आणि घरी विचारलं तर सांगायला कारणही झालं.

दारातून बाहेर पडतानाच बाईंनी मागून हाक मारली. "पट्टी रोज बदलायची, आठवडाभर तरी. रोज इथं येऊ नका, बसचे धक्के सोसायचे न्हाईत. बेळगावातच जवळच्या डॉक्टरकडं जावा."

शनिवारी सकाळी मी जावईबापूंच्या दवाखान्यात करदंटाचा पुडा टेबलावर ठेवून उभा होतो. बसायचं अजून जमत नव्हतं.

"अरे वा, गोकाकचं!" जावईबापू म्हणाले. "काका, गोकाकला कशाला गेला होता?"