ग्यानेश्वर, पचपन आणि आप्पा

आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठवडाभर पेपर वाचायचा नाही म्हणून बजावलं. 'पेपर फोन वाचून दाखवेल,' असं मी बोलून गेलो. तिथेच फसलो.

पहिल्याच बातमीला बाई म्हणाल्या, ''ग्यानेश्वर माउलींची पालखी...'' आप्पांनी पट्टी लावलेला डोळासुद्धा माझ्याकडे वळवला. पुढे दिंडीतल्या ५५ वारकऱ्यांचे 'पचपन' झाले. 'चमचा'तल्या दोन्ही च्यांवर तर बाईंनी असा काही जोर दिला की चमचा परराज्यातून आल्यासारखा वाटला.

''अरे, ही मराठी शिकलेलीच नाहीये!'' आप्पा म्हणाले.

खरंच शिकलेली नव्हती. लिपी देवनागरी, पण फोनमध्ये उतरवलेला आवाज फक्त हिंदीचा. मराठीचा आवाज सापडला नाही की तक्रार न करता आमचं ॲप हिंदीवाल्या बाईंना पुढे करतं. त्या आपल्या नियमाने 'ज्ञ'चा 'ग्य' करणार आणि आकडे आपल्या पाढ्यातले सांगणार. बिचारीचा काय दोष?

मग सेटिंग्जमध्ये शिरलो. ॲक्सेसिबिलिटी, त्यात टेक्स्ट-टू-स्पीच, तिथल्या इंजिनाशेजारच्या दातेरी चाकावर बोट, मग Install voice data. मराठीपुढे खाली जाणारा बाण दिसत होता, म्हणजे माल अजून आलेलाच नाही. दाबला. वर्तुळ फिरत राहिलं. अर्ध्या तासाने कळलं, फोनमध्ये जागाच नाही. सगळी 'सुप्रभात'च्या फुलांनी व्यापलेली. आप्पांच्या परवानगीने दोनशे गुलाब उडवले आणि बाण नाहीसा झाला.

आता आवाजांची निवड. त्यांना नावं नसतात, नुसते नंबर. आप्पांनी मुलगी बघायला गेल्यासारखी एकेकाची परीक्षा घेतली. पहिला 'बँकेत लाइनीत उभं केल्यासारखा', दुसरा 'सर्दी झालेला'. तिसरा पसंत पडला. वेग मात्र कमी करायला लावला, ''मला गाडी गाठायची नाहीये.''

दुसऱ्या दिवशी वाय-फाय गेलं आणि तिसरा मुका झाला. तो आवाज इंटरनेटवरून येणारा निघाला! तेव्हा शहाणपण आलं: आवाज निवडताना आधी विमान मोड लावायचा आणि नमुना ऐकायचा. बोलला तर घरचा, गप्प बसला तर पाहुणा. या परीक्षेत तिसरा नापास आणि सर्दीवाला पास.

संध्याकाळी सर्दीवाल्याने स्वच्छ 'ज्ञानेश्वर' म्हटलं, 'पंचावन्न'ही म्हटलं. आप्पांनी समाधानाने मान डोलावली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ''कालचीच बरी होती रे. मालिकेतल्यासारखी बोलायची.''