सर्टिफिकेट बघणार कोण, ते आधी सांग

ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करू का असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, ते सर्टिफिकेट बघणार कोण? कॉलेज, की नोकरी देणारा? कारण दोघांचा हिशोब साफ वेगळा आहे.

परवा भाचीने विचारलं. सांगलीत टीवायबीकॉमला आहे, डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये जायचंय म्हणते. तिच्यासमोर तीन पर्याय होते: आयआयटीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स देणाऱ्या एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स, कोर्सेरावरचं गुगलचं डेटा अ‍ॅनालिटिक्स सर्टिफिकेट, आणि एका इन्स्टिट्यूटचा ईएमआयवरचा कोर्स ज्यांचा माणूस तिला दिवसाआड फोन करत होता, मॅडम आज शेवटचा दिवस आहे डिस्काउंटचा.

एनपीटीईएलचं गणित सगळ्यात सरळ. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, ती साधारण हजार रुपये. परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या कागदाला वजन आहे. बारापैकी चांगल्या आठ असाइनमेंटचे २५ मार्क, परीक्षेचे ७५. पासिंग ४० ला, पण असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० वेगवेगळे लागतात, त्यामुळे नुसत्या असाइनमेंटच्या जोरावर कुणी तरत नाही. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण तीन क्रेडिट मिळतात, पण ती डिग्रीत धरायची की नाही हे तुमचं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. पोरं इथेच फसतात, आधी कोर्स करतात आणि मग कळतं की कॉलेजच्या यादीत तो विषयच नाही. म्हणून तिला म्हटलं, नाव नोंदवायच्या आधी हे कोर्स ज्या सरकारी पोर्टलवर असतात त्या स्वयमच्या कॉलेजमधल्या को-ऑर्डिनेटर सरांकडून लेखी घे, तोंडी "होऊन जाईल" नको.

आता नोकरीचं. मी काम करतो तिथे ज्युनिअर पोरांच्या इंटरव्ह्यूला बसतो. गुगलचा कोर्स वाईट नाहीये, स्प्रेडशीट, डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल, चार्ट काढायचं टॅब्लो, आर भाषेतलं थोडं प्रोग्रॅमिंग, नवख्याला चांगला पाया होतो. पण शेवटच्या प्रोजेक्टला सायक्लिस्टिक नावाच्या शिकागोतल्या काल्पनिक सायकल कंपनीची केस देतात, आणि रेझ्युमेमागून रेझ्युमे तीच केस, तेच चार्ट, तोच निष्कर्ष की वर्षाची मेंबरशिप घेणारे आणि अधूनमधून सायकल घेणारे वेगळं वागतात. ते दिसलं की मी पान उलटतो, खरं सांगतो.

मग मी एसक्यूएलचा एक साधा प्रश्न विचारतो. ग्राहकांचं एक टेबल, ऑर्डरींचं एक. सगळे ग्राहक हवेत, आणि जुलैमध्ये कुणी किती ऑर्डर दिल्या तेही, नसतील दिल्या तर शून्य. बहुतेक जण LEFT JOIN लिहितात, म्हणजे ऑर्डर असो-नसो सगळे ग्राहक ठेवून टेबलं जोडतात, इथपर्यंत बरोबर, आणि मग खाली जुलैची अट WHERE मध्ये टाकतात. झालं, ज्यांनी जुलैत काहीच घेतलं नाही ते ग्राहक यादीतून गायब, कारण त्यांची ऑर्डरची तारीख एकतर रिकामी असते नाहीतर दुसऱ्या महिन्याची, आणि दोन्ही त्या अटीत बसत नाहीत. अट ON मध्ये, म्हणजे टेबलं जोडतानाच, हवी होती. हे व्हिडिओ बघून कळत नाही, स्वतः चुकून, रिपोर्टमधली बेरीज जुळली नाही की कळतं.

म्हणून भाचीला म्हटलं, गुगलचा कर हवा तर, पण फी महिन्याची आहे हे लक्षात ठेव, ते सांगतात आठवड्याला दहा तासांच्या आत सहा महिने, तू सुट्टीत लावून धरून तीन महिन्यांत उरकलंस तर पैसे निम्मे, आणि परीक्षेच्या दिवसांत सुरू केलंस तर नुसते हप्ते जाणार. आणि प्रोजेक्ट सायकलींचा नको, अ‍ॅगमार्कनेट या सरकारी साइटवर बाजार समित्यांचे रोजचे बाजारभाव असतात, लासलगावच्या कांद्याचे दोन-तीन वर्षांचे आकडे घे. किमान, कमाल, सर्वसाधारण भाव, आवक, मध्ये बाजार बंद असलेले दिवस, ते साफ करतानाच अर्धं शिकशील. कांदा निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ची, त्याच्या आधी आणि नंतर भावाचं काय झालं एवढंच दाखव. त्यावर मी तुला अर्धा तास प्रश्न विचारू शकतो.

राहिला ईएमआयवाला. अशा बऱ्याच ठिकाणी "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, वडिलांच्या नावावर. कोर्स आवडला नाही, सोडला, तरी कंपनी हप्ता मागतच राहते आणि थकला तर सिबिल वडिलांचा खराब. "प्लेसमेंट असिस्टन्स" म्हणजे नोकरीची हमी नव्हे, बरेचदा रेझ्युमे पुढे पाठवणं एवढंच. तिला म्हटलं त्या माणसाला तीनच गोष्टी मेलवर माग: कर्ज कुठल्या कंपनीचं आणि कुणाच्या नावावर, मध्येच सोडलं तर किती पैसे परत, आणि मागच्या बॅचमधले किती जण कुठे लागले. फोनवर नको, मेलवरच. दोन दिवस झाले, मेल आलेला नाही. फोन मात्र चालू आहेत, डिस्काउंट वाढलाय म्हणे.