मयताच्या खात्याचा अर्ज: ‘खाते बंद करून रक्कम द्यावी’ एवढ्यावर थांबू नका

तेरवी झाली की घरचे लोक बँकेत जातात आणि चार ओळींचा अर्ज देतात: ‘माझे पती अमुक तारखेला मयत झाले, तरी त्यांचे खाते बंद करून रक्कम मला द्यावी.’ माझ्या मते हा अर्ज घरच्यांचं नुकसान करतो. जेवढं मागितलं तेवढंच बाबू करतो. खात्यातले अठरा हजार देतो, पासबुक जमा करून घेतो, आणि त्याच खात्यावर चालू असलेला दोन लाखांचा विमा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी पासबुक भरून घ्या. प्रिंटर बंद असेल तर मागच्या तेरा-चौदा महिन्यांचं स्टेटमेंट मागा. मे महिन्याचा शेवट आणि जूनची सुरुवात एवढंच पान नीट पाहायचं. तिथं ४३६ रुपये वजा दिसले तर तो जीवन ज्योती विम्याचा हप्ता, २० रुपये वजा दिसले तर सुरक्षा विम्याचा. नोंदीत बहुधा PMJJBY किंवा PMSBY अशी अक्षरं असतात. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. जीवन ज्योती कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला लागू आहे, आत्महत्येलाही. फक्त नव्याने नाव घातलं असेल तर पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या कारणाला पैसे मिळत नाहीत. वय ५५ झालं की तो विमा संपतो. सुरक्षा विमा अपघाताचा आहे, ७० वर्षांपर्यंत चालतो, आणि त्यात आत्महत्या बसत नाही. रक्कम दोन्हींत दोन लाख.

आपल्याकडे गोची होते ती मे महिन्यामुळेच. बियाणं-खताच्या तयारीत माणूस खातं धुऊन काढतो, शिल्लक शंभर-दीडशे राहते. मग २० रुपये कटतात, पण ४३६ कटत नाहीत आणि जीवन ज्योती बंद पडते. ‘दरवर्षी कटत होते’ यावर विसंबू नका, याच वर्षीची नोंद पाहा.

एक उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातला ४६ वर्षांचा शेतकरी ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या डवरणीत साप चावून गेला. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून नागपूरला मेडिकलमध्ये नेलं, तिथं मृत्यू झाला. बचत खात्यात १८,४००, त्याच शाखेत १,१०,००० चं पीककर्ज, नॉमिनी बायको, पासबुकात ४३६ आणि २० दोन्ही वजा. म्हणजे विम्याचे दोन दावे होतात, एकूण चार लाखांचे.

पहिली अडचण दाखल्याची. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते. नागपुरात गेलेल्या माणसाचा दाखला गावचा ग्रामसेवक देऊ शकत नाही, त्यासाठी नागपूरच्याच नोंदणीकडे जावं लागतं. पाच-सहा प्रती एकदमच घ्या. आणि दवाखान्यात नाव सांगतानाच आधार कार्ड पुढे करा. दाखल्यावर ‘नामदेवराव’, पासबुकावर ‘नामदेव’ आणि आधारावर तिसरंच काही असलं की सगळी नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

सापाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सुरक्षा विम्याला अपघाताचा पुरावा लागतो आणि सर्पदंशात तो म्हणजे दवाखान्याचा तेव्हाचा कागद. ग्रामीण रुग्णालयाच्या रेफर चिठ्ठीवर ‘सर्पदंश’ लिहिलेलं असतं, ती मळकी चिठ्ठी फेकू नका. शवविच्छेदनालाही नाही म्हणू नका, पंचनाम्याची नक्कल घेऊन ठेवा. ‘आता कायले चिरफाड’ म्हणून प्रेत घरी आणलं तर पुढं अपघात होता हे सांगायला फक्त गाव उरतं.

आता अर्ज. साध्या कागदावर चालतो:

‘प्रति, मा. शाखा व्यवस्थापक.
विषय: खातेदार मयत झाल्याची सूचना व दावे निकाली काढणेबाबत.
माझे पती (नाव, पासबुकाप्रमाणे), बचत खाते क्र. …, पीककर्ज खाते क्र. …, हे दि. … रोजी सर्पदंशाने मयत झाले. मी त्यांच्या बचत खात्याची नॉमिनी आहे. तरी विनंती की,
(१) मृत्यूची नोंद घेऊन खात्यातील एटीएम, अंगठा व मोबाईलवरील व्यवहार थांबवावेत.
(२) बचत खात्यातील रकमेचा दावा अर्ज द्यावा. याच नावावर इतर ठेव असल्यास लेखी कळवावे.
(३) खात्यातून दि. … रोजी रु. ४३६ व रु. २० वजा झाले आहेत. दोन्ही विम्यांचे दावा अर्ज द्यावेत व दावे विमा कंपनीकडे पाठवावेत.
(४) मृत्यूच्या तारखेस पीककर्जाची मुद्दल व व्याज किती, याचा लेखी उतारा द्यावा.’

खाली सही, मोबाईल नंबर, सोबतच्या कागदांची यादी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ‘ठेवून जा, साहेब आले की सांगतो’ म्हटलं तर अर्ज परत घ्या आणि पोच देईल त्यालाच द्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. विम्याचा दावा शक्यतो मृत्यूपासून ३० दिवसांत जावा. बचतीच्या दाव्याला कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे. ती पोचेवरच्या तारखेवरूनच मोजता येते.

पहिल्या मुद्द्यावर लोक नाराज होतात. एटीएमचा नंबर पोराला माहीत असतो, काढून घेऊ म्हणतात. पण मृत्यूनंतरची ती उचल स्टेटमेंटमध्ये तारखेसकट दिसते आणि भावा-बहिणींच्या भांडणात तीच पहिली बाहेर येते.

नॉमिनी असेल तर दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि नॉमिनीची ओळख एवढं बस आहे. वारस दाखला किंवा जामीनदार मागितला तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नाही. पैसे तिच्या हाती येतात, हक्क सगळ्या वारसांचा राहतो. लग्नाआधीच्या खात्यावर बरेचदा आईचं नाव असतं, तेही बघून घ्या. नॉमिनीच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र न मागता सोप्या पद्धतीने दावा निघतो. इतर वारसांची ना-हरकत आणि हमीपत्र द्यावं लागतं.

राहिलं कर्ज. बचतीतले १८,४०० बँक कर्जात वळते करू शकते, ते धरून चाला. विम्याचे पैसे मात्र नॉमिनीच्या स्वतःच्या खात्यात येतात, म्हणून दाव्यासोबत तिचं पासबुक जोडा. आणि कोणी म्हणालं, ‘पोराच्या नावाने नवं-जुनं करून टाका’, तर त्या दिवशी सही करू नका. बापाच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते ती मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. नव्या कागदावर सही केली की ते पोराचं स्वतःचं कर्ज होतं. चौथ्या मुद्द्याचा उतारा हाती आल्यावर, फेरफार झाल्यावर, घरात बसून काय ते ठरवा.